इम्प्रेशन आहे तसं: रेडिओलॉजी रिपोर्टचा मराठी सारांश लिहिताना

प्रश्न: मी एका धर्मादाय रुग्णालयाच्या मदतकक्षात काम करते. सीटी, सोनोग्राफीचे रिपोर्ट इंग्रजीत येतात. डॉक्टरांची भेट दोन-तीन दिवसांनी असते, तोवर नातेवाईक म्हणतात, ‘मॅडम, मराठीत चार ओळी लिहून द्या.’ मी ‘घाबरण्यासारखं काही नाही’ असं लिहिलं की डॉक्टर रागावतात, आणि जसंच्या तसं लिहिलं की माणसं रडायला लागतात. इम्प्रेशनमधलं नेमकं काय ठेवायचं आणि काय घालायचं नाही?

उत्तर: इम्प्रेशनमधला प्रत्येक मुद्दा ठेवायचा. त्याच क्रमाने, तितक्याच खात्रीने, आणि त्याला जोडलेल्या सूचनेसकट. त्यात नसलेलं काही घालायचं नाही. रिपोर्टमध्ये लिहिलेलं नसेल तर ‘घाबरू नका’ नाही आणि ‘ताबडतोब दाखवा’ही नाही.

मी रेडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे ते इंग्रजी रिपोर्ट लिहिणाऱ्यांपैकी एक. आमच्या विभागातून गेलेल्या रिपोर्टांचे मराठी सारांश मी बरीच वर्षं वाचत आले आहे. नियम कुणालाही पटतो, पण सारांश बिघडतो तो ‘छोटी’, ‘फक्त’, ‘आढळली’, ‘अजून’ अशा शब्दांमुळे, जे लिहिताना आपण काही घातलं असं वाटतच नाही. म्हणून एकच रिपोर्ट घेऊन तो पूर्ण उलगडते.

आधी एवढं लक्षात घ्या की रिपोर्टमध्ये ‘फाइंडिंग्ज’ हा भाग मोठा असतो आणि ‘इम्प्रेशन’ शेवटच्या चार-पाच ओळींचा. फाइंडिंग्जमध्ये आम्ही जे दिसलं ते सगळं नोंदवतो. इम्प्रेशनमध्ये त्यातलं काय महत्त्वाचं, त्याचा बहुधा अर्थ काय आणि पुढे काय करावं, हे तोलून लिहितो. म्हणजे सारांश आधीच झालेला आहे. तुमचं काम त्याचा पुन्हा सारांश करण्याचं नाही, तो मराठीत पोचवण्याचं आहे. चार ओळींच्या दोन ओळी करायला गेलं की पहिल्यांदा गळतात त्या अटी आणि मुदती, आणि नेमक्या त्याच आम्ही विचार करून लिहिलेल्या असतात.

हा रिपोर्ट मी उदाहरणासाठी रचला आहे, पण या साच्याचे रिपोर्ट रोज जातात. अठ्ठावन्न वर्षांचे गृहस्थ, खोकला, छातीचा सीटी. इम्प्रेशन असं:

१. फायब्रोकॅल्सिफिक चेंजेस इन लेफ्ट अपर लोब, लाइकली सिक्वेली ऑफ प्रायर इन्फेक्शन.

२. सेव्हन एमएम सॉलिड नोड्यूल इन राइट लोअर लोब, इंडिटरमिनेट. कम्पॅरिझन विथ प्रायर इमेजिंग, इफ अव्हेलेबल. फॉलो-अप सीटी ॲट सिक्स टु ट्वेल्व्ह मंथ्स सजेस्टेड.

३. नो सिग्निफिकंट मिडियास्टायनल लिम्फॅडिनोपथी. नो प्लूरल इफ्यूजन.

प्लीज कोरिलेट क्लिनिकली.

आता यावरून मदतकक्षात साधारणपणे काय लिहिलं जातं ते पाहा. मायाळू हाताचा सारांश असा येतो: ‘काळजीचं कारण नाही. जुन्या टीबीचे डाग आहेत. उजव्या बाजूला एक छोटीशी गाठ आहे, सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं. पाणी वगैरे काही नाही.’

वाचायला बरं वाटतं. यातली एकेक गोष्ट काढून बघू. ‘काळजीचं कारण नाही’ हे रिपोर्टमध्ये कुठेच नाही. ‘टीबी’ही नाही, रिपोर्ट ‘पूर्वीचा संसर्ग’ म्हणतो आणि त्याआधी ‘लाइकली’ म्हणतो. इथे ‘बहुधा’ गळलं आणि संसर्गाला नाव चिकटलं. आपल्याकडे फुप्फुसाच्या वरच्या टोकाला असे बदल दिसले की टीबीच मनात येतो, आणि अंदाज बरोबरही असेल. पण लिहिणाऱ्याने तो लिहिलेला नाही. हे गृहस्थ उद्या दुसऱ्या दवाखान्यात जाऊन ‘मला टीबी होऊन गेलाय, रिपोर्टमध्ये आलंय’ असं सांगतील आणि ते त्यांच्या केसपेपरवर कायमचं चढेल.

‘छोटीशी’ हा शब्द सर्वांत निरागस दिसतो. रिपोर्टने ७ मिमी लिहिलं, आकारावर शेरा मारला नाही. ‘सहा महिन्यांनी’ म्हणताना ६ ते १२ ही मुदत आखडली. ‘इंडिटरमिनेट’, म्हणजे ‘ठरवता येत नाही’, हा मुख्य शब्द पूर्ण गेला. आणि जुन्या स्कॅनशी तुलना करा, ही सूचनाही गेली. या सारांशातलं ते सगळ्यात मोठं नुकसान आहे. कारण या गृहस्थांचा चार वर्षांपूर्वीचा सीटी घरात गादीखाली पडलेला असेल आणि त्यात हाच नोड्यूल याच आकाराचा दिसत असेल, तर पुढचा सगळा विचार बदलतो. भरीव नोड्यूल दोन वर्षं किंवा जास्त काळ तसाच राहिला असेल तर त्याकडे आम्ही वेगळ्या नजरेने बघतो. ती फिल्म शोधायला सांगणारी ओळ सांत्वनाला जागा करून देताना कापली गेली.

आता सावध हाताचा सारांश: ‘उजव्या फुप्फुसात गाठ आढळली आहे. कॅन्सर आहे की नाही हे अजून सांगता येत नाही. लवकरात लवकर छातीच्या तज्ज्ञांना दाखवा.’

कॅन्सर हा शब्द इम्प्रेशनमध्ये नाही. ‘इंडिटरमिनेट’च्या पोटात ती शक्यता आहे, हे खरं. पण त्याच पोटात जुन्या संसर्गाचा गोळा आहे, फुप्फुसातली लहानशी लसिका ग्रंथी आहे, आणखीही बरंच आहे. त्यातली एक निवडून नाव घेतलं की बाकीच्या मिटल्या. ‘अजून सांगता येत नाही’ मधल्या ‘अजून’ने तर निकाल ठरलाय, फक्त जाहीर व्हायचाय असं सुचवलं. ‘लवकरात लवकर’ आणि ‘६ ते १२ महिन्यांनी’ या तर सरळ विरुद्ध गोष्टी आहेत.

या घाईने काय होतं तेही सांगते, कारण ‘सावध केलं तर बिघडलं कुठे’ असं पुष्कळांना वाटतं. घाबरलेलं कुटुंब महिन्याभरात दुसरीकडे पुन्हा सीटी करून घेतं. ७ मिमीच्या नोड्यूलमध्ये महिन्याभरात झालेला बदल बहुतेक वेळा मोजता येत नाही. दीड-दोन मिमीच्या आतला फरक निव्वळ मोजणीतलाही असू शकतो. मग तिथे ‘बदल नाही’ असा रिपोर्ट येतो, घरच्यांना हायसं वाटतं आणि सहा महिन्यांनंतरचा, खरा उपयोगाचा स्कॅन राहून जातो. काही जण पेट स्कॅनपर्यंत जातात. ८ मिमीखालच्या नोड्यूलमध्ये पेटच्या ‘नाही’वर भरवसा ठेवता येत नाही, आणि इतक्या आकाराची बायोप्सीही अवघड असते. त्या इंग्रजी ओळीतले ‘६ ते १२ महिने’ म्हणजे टोलवाटोलवी नव्हे. फ्लाइश्नर सोसायटी या छातीच्या रेडिओलॉजीतल्या संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ६ ते ८ मिमीच्या एकट्या भरीव नोड्यूलसाठी हीच मुदत आहे: बदल झालाच असेल तर तो दिसण्याइतका वेळ जावा, पण फार उशीरही होऊ नये.

मग हे सगळं माहीत असलेल्या माणसाने पेशंटला दिलासा का देऊ नये? तुम्ही पुढच्या काही वर्षांत शेकडो रिपोर्ट वाचाल आणि ‘७ मिमीच्या नोड्यूलचं बहुतेकदा काही निघत नाही’ हे तुम्हालाही कळेल. तेव्हाच हा मोह सर्वांत जास्त होईल. पण याच मार्गदर्शक सूचना ३५ वर्षांखालच्यांना, आधी कॅन्सर झालेल्यांना आणि प्रतिकारशक्ती दबलेल्यांना लागू नाहीत. या गृहस्थांचं दहा वर्षांपूर्वी आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं असेल, आणि ते सीटीच्या फॉर्मवर कुणी लिहिलंच नसेल, तर तोच ७ मिमी वेगळा ठरतो. आमच्याकडे येणाऱ्या फॉर्मवर इतिहासाच्या रकान्यात पुष्कळदा ‘खोकला’ एवढंच असतं. ‘प्लीज कोरिलेट क्लिनिकली’ ही ओळ त्यासाठी असते. नातेवाइकांना आणि कधीकधी डॉक्टरांनाही ती शेपूट वाटते. तिचा अर्थ सरळ आहे: मी फिल्म पाहिली, माणूस पाहिला नाही, ज्यांनी माणूस पाहिला त्यांनी जुळवून बघावं. ही ओळ सारांशातून कधीही काढू नका.

तर माझ्या मते सारांश असा हवा:

‘छातीचा सीटी स्कॅन. रिपोर्टमधला निष्कर्ष:

१. डाव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात व्रणासारखे आणि कॅल्शियम साठल्याचे बदल दिसतात. ते बहुधा पूर्वी होऊन गेलेल्या संसर्गाच्या खुणा आहेत.

२. उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात ७ मिमीचा भरीव नोड्यूल दिसतो. (नोड्यूल म्हणजे फुप्फुसात दिसणारा ३ सेंमीपर्यंतचा गोलसर, दाट भाग.) तो कशाचा आहे हे या स्कॅनवरून ठरवता येत नाही. पूर्वीचा स्कॅन असल्यास त्याच्याशी तुलना करावी. ६ ते १२ महिन्यांनी पुन्हा सीटी सुचवला आहे.

३. छातीच्या मध्यभागातल्या लसिका ग्रंथी लक्षणीय वाढलेल्या दिसत नाहीत. फुप्फुसाभोवती पाणी साठलेलं दिसत नाही.

हे निष्कर्ष पेशंटची लक्षणं आणि तपासणी यांच्याशी जुळवून पाहावेत, असं रिपोर्टमध्ये म्हटलं आहे.’

खाली रेघ मारून, वेगळ्या परिच्छेदात: ‘डॉक्टरांची भेट: अमुक वारी, अमुक वाजता. येताना छातीचे जुने एक्स-रे, सीटीच्या फिल्म किंवा सीडी, आणि आधीच्या आजारांचे कागद आणा.’

हा शेवटचा परिच्छेद रिपोर्टचा नाही, तुमचा आहे, म्हणून रेघ. माणसाला धीर लागतो हे मला मान्य आहे. तो धीर भेटीच्या तारखेत, फोन नंबरात, ‘फिल्म सापडली नाही तर मला फोन करा’ या वाक्यात द्या. निष्कर्षाच्या ओळींत मिसळू नका.

वरच्या मसुद्यातल्या काही निवडींबद्दल बोलायला हवं. मी ‘गाठ’ हा शब्द टाळला. मराठीत ‘गाठ’ म्हटलं की ऐकणारा पुढचं ऐकत नाही. शिवाय आपण लिम्फ नोडलाही गाठ म्हणतो, गळवालाही आणि ट्यूमरलाही. एकाच सारांशात ‘उजवीकडे गाठ आहे, मध्यभागी गाठी नाहीत’ असं आलं की घरी तासभर चर्चा होते. उलट ‘ठिपका’ किंवा ‘डाग’ लिहिलं की गोष्ट एक्स-रेवरच्या शाईइतकी क्षुल्लक होते. म्हणून ‘नोड्यूल’ तसाच ठेवून त्याची व्याख्या दिली. कंसातला तो खुलासा ही एवढीच भर मी घालते, आणि तीही फक्त शब्दाचा अर्थ सांगणारी. ‘नोड्यूल बऱ्याच लोकांत असतात’ हे वाक्यही खरं आहे, पण ते अर्थ सांगत नाही, दिलासा देतं. म्हणून ते कंसाबाहेरच राहतं.

मात्र उलट चूकही होते. आपल्याकडच्या बऱ्याच रिपोर्टांत टीबीला ‘कॉक्स’ म्हणतात, रॉबर्ट कॉखच्या नावावरून. ‘ओल्ड हील्ड कॉक्स’ असं इम्प्रेशनमध्ये असेल तर तुम्ही ‘जुना, बरा झालेला टीबी’ असंच लिहायचं. तिथे ‘जुना संसर्ग’ म्हणून गुळमुळीत करायचं नाही. रिपोर्टने सांगितलेलं सौम्य करणं हेही दिलासा घालणंच आहे.

खात्रीच्या शब्दांची एक यादी करून टेबलाच्या काचेखाली ठेवा, आणि त्या प्रत्येकासाठी दर वेळी एकच मराठी शब्द वापरा. आमच्याकडची अशी आहे: ‘कन्सिस्टंट विथ’ म्हणजे ‘अमुकशी जुळणारे बदल’, ‘सजेस्टिव्ह ऑफ’ म्हणजे ‘अमुक असल्याचं सुचवणारे बदल’, ‘लाइकली’ म्हणजे ‘बहुधा’, ‘पॉसिबल’ म्हणजे ‘शक्य आहे’. सगळे रेडिओलॉजिस्ट हे शब्द अगदी एकाच मापाने वापरतात असं नाही, हे मी आतून सांगते. पण म्हणूनच तुम्ही त्यांना वर-खाली करू नये. माझ्या ‘सजेस्टिव्ह’मध्ये किती खात्री आहे हे डॉक्टर मला फोन करून विचारू शकतात, तुमच्या ‘आहे’मधून ते कुणालाच काढता येणार नाही.

नकाराच्या वाक्यांवर थोडं थांबते, कारण मराठीत तिथे खास घोटाळा होतो. ‘नो एव्हिडन्स ऑफ फ्रॅक्चर’चं ‘फ्रॅक्चर नाही’ होतं. लिहायचं ‘या एक्स-रेमध्ये फ्रॅक्चर दिसत नाही’. कीस काढल्यासारखं वाटेल, पण मनगटातल्या स्कॅफॉइड हाडाचं उदाहरण घ्या. हातावर पडल्यावर त्याला गेलेली चीर पहिल्या एक्स-रेमध्ये नसली तरी दहा-चौदा दिवसांनी दिसू शकते. ‘फ्रॅक्चर नाही’ असा कागद हातात पडलेला मुलगा प्लास्टर काढून क्रिकेट खेळायला जातो. ‘दिसत नाही’ असं लिहिलेलं असेल तर दुखतंय म्हटल्यावर परत येण्याची वाट उघडी राहते.

दुसरं म्हणजे ‘कॅनॉट बी रूल्ड आउट’. याचं ‘नाकारता येत नाही’ हे भाषांतर अचूक आहे, कागदावर ठीक आहे. पण फोनवर किंवा काउंटरवर बोलताना आपलं वाक्य ‘नाही’वर संपतं आणि म्हाताऱ्या माणसाला तेवढंच ऐकू येतं. ‘इन्फेक्शन नाकारता येत नाही’ याचं घरी पोचेपर्यंत ‘इन्फेक्शन नाही’ होतं. तोंडी सांगताना मी ‘ही शक्यता उरते’ असं म्हणायला सांगते. खात्री तितकीच राहते आणि वाक्य होकारावर संपतं.

‘माइल्ड’चं ‘सौम्य’ करू नका, कारण काही जण ‘बिनाइन’लाही, म्हणजे कॅन्सर नसलेल्यालाही, सौम्य म्हणतात. ‘माइल्ड’ला ‘कमी प्रमाणात’ लिहा. ‘स्टेबल’ला नुसतं ‘स्थिर’ लिहिलं की लोकांना आयसीयूतला पेशंट आठवतो. ‘मागच्या स्कॅनच्या तुलनेत बदल नाही’ असं लिहा. आणि मॅमोग्राफीच्या रिपोर्टवर ‘बायरॅड्स शून्य’ दिसलं तर तो शून्य धोका नव्हे. त्याचा अर्थ मूल्यमापन अपुरं आहे, आणखी फोटो, सोनोग्राफी किंवा जुन्या फिल्मशी तुलना हवी. हा शून्य ‘काही नाही’ म्हणून वाचला गेल्याचं मी पाहिलं आहे, आणि त्या बाई पुढच्या तपासणीला आल्या त्या बऱ्याच उशिरा.

क्रमाचं सांगते. मायाळू माणूस तिसरा मुद्दा वर आणतो, ‘पाणी नाही, ग्रंथी नाहीत’, आणि मग नोड्यूलवर येतो. सावध माणूस नोड्यूल पहिला घेतो. दोघांनी एकही शब्द बदललेला नसतो, तरी दोन वेगळे रिपोर्ट तयार होतात. म्हणून क्रमांक जसे आहेत तसेच ठेवा. ठळक अक्षरं नकोत, अधोरेखा नको, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत असाल तर हात जोडलेली चित्रंही नकोत.

फाइंडिंग्जमधलं काय घ्यायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत पण विचाराल. याच रिपोर्टच्या आतल्या भागात ‘उजव्या किडनीत साधी सिस्ट’ आणि ‘मणक्यात वयाप्रमाणे झीज’ असू शकतं. इम्प्रेशनमध्ये ते नाही, म्हणजे लिहिणाऱ्याने ते तोलून मागे ठेवलं आहे. तुम्ही ते पुढे आणलं की सिस्टच्या औषधासाठी धावपळ सुरू होते. त्यापेक्षा ‘रिपोर्टमध्ये इतर नोंदी आहेत, त्या डॉक्टरांसोबत पाहाव्यात’ एवढी ओळ पुरे. अपवाद एकच: आतल्या भागात एखाद्या गोष्टीला जोडून ‘पुढील तपासणी सुचवली आहे’ असं असेल आणि इम्प्रेशनमध्ये ती गोष्टच नसेल, तर आमच्याकडून राहिलं असण्याची शक्यता आहे. तसंच आत ‘राइट’ आणि खाली ‘लेफ्ट’, आत मिमी आणि खाली सेंमी. असं काही दिसलं तर स्वतः दुरुस्त करून सारांश लिहू नका. दोन्हींपैकी कुठलं बरोबर हे तुम्हाला माहीत नसतं, ते फिल्म उघडल्यावरच कळतं. आमच्या विभागाला फोन करा, सुधारित रिपोर्ट मागा, तोवर सारांश थांबवा. आम्हाला असा फोन आलेला आवडतो, असं म्हणणार नाही. पण तो यायलाच हवा.

लिहून झाल्यावर तपासायची पद्धत: सारांशातल्या प्रत्येक मराठी शब्दापाशी थांबा आणि इंग्रजीत तो कशावरून आला त्यावर बोट ठेवा. ‘छोटीशी’ला बोट ठेवायला जागा सापडत नाही. ‘अजून’ला नाही. ‘फक्त’ला नाही. ‘आढळली’ला ‘दिसतो’पेक्षा जास्त आवाज आहे, तोही कुठून आला ते सापडत नाही. मग उलट जा: इंग्रजी इम्प्रेशनमधला प्रत्येक शब्द मराठीत कुठे उतरला? ‘इफ अव्हेलेबल’, ‘सजेस्टेड’, ‘सिग्निफिकंट’ हे तीन हमखास हरवतात. ‘सिग्निफिकंट’ गेला की ‘ग्रंथी वाढलेल्या दिसत नाहीत’ असं होतं, जे मूळ वाक्यापेक्षा जास्त बोलतं.

कागद दिल्यावर समोरच्याला म्हणा, ‘घरी गेल्यावर बायकोला काय सांगाल ते मला सांगा बरं.’ त्यांच्या उत्तरात ६ ते १२ महिने आणि जुनी फिल्म या दोन गोष्टी आल्या नाहीत तर पुन्हा वाचून दाखवा.

आणि तो प्रश्न येणारच: ‘मॅडम, कॅन्सर तर नाही ना?’ इथे बहुतेक जण म्हणतात, ‘रिपोर्टमध्ये तसं लिहिलेलं नाही.’ हे वाक्य शब्दशः खरं आहे, तरीही दिलासा देतं, कारण ऐकणारा ते ‘नाही’ असंच ऐकतो. मी सांगते ते असं: ‘रिपोर्ट हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. या स्कॅनवरून ठरत नाही, असं त्यात लिहिलंय, आणि ठरवण्यासाठी जुना स्कॅन बघा व ६ ते १२ महिन्यांनी पुन्हा करा, असं सांगितलंय. हाच प्रश्न डॉक्टरांना याच शब्दांत विचारा, मी तो कागदावर लिहून देते.’ आणि खरंच लिहून द्या. भेटीच्या दिवशी माणसं हाच प्रश्न विचारायचा विसरतात किंवा घाबरून विचारत नाहीत. रडणारा माणूस रडणार. त्याच्याजवळ थांबा, पाणी द्या, पण कागदावरची ओळ बदलू नका.

मुलगा बाजूला घेऊन म्हणेल, ‘बाबांना वेगळं लिहून द्या, यातला दुसरा मुद्दा नको.’ दोन कागद करू नका. बाबांना काय, कधी, कुणी सांगायचं हे घरच्यांनी आणि डॉक्टरांनी मिळून ठरवायचं; मदतकक्षातून निघणारा सारांश एकच असतो. कागद कुणाच्या हातात द्यायचा, हे बाबांनाच विचारा.

शेवटी, हे सगळं ज्याला लागू नाही तो रिपोर्ट. इम्प्रेशनमध्ये फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी, मेंदूत रक्तस्राव, आतड्याला छिद्र असं काही वाचलं तर सारांश लिहायला बसू नका. अशा वेळी आम्ही बहुधा उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आधीच फोन केलेला असतो, पण पेशंट बाहेरून पाठवलेला असेल तर तो फोन चुकीच्या माणसाला गेलेला असू शकतो. रिपोर्ट हातात घेऊन ड्यूटीवरच्या डॉक्टरांकडे स्वतः जा आणि पेशंटला बसवून ठेवा. ‘काय झालंय’ विचारलं तर ‘हा रिपोर्ट डॉक्टरांनी आत्ता बघायचा आहे, मी तुमच्यासोबत येते’ एवढं सांगा.